बोअरला दोष, पोकलेनला श्रेय?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं की तू इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर 'तंत्रज्ञान आणि समाज' यावर वीस मिनिटं बोल. विषय फार मोठा आहे. म्हणून मी त्यातला एकच प्रश्न घेते, आणि तोही आपल्या शिरपूरच्या पाण्याच्या निमित्ताने. आपल्या बॅचच्या गटात सध्या एका गावातल्या नाल्याच्या खोलीकरणासाठी वर्गणी काढायची चर्चा चालू आहे. त्यामुळे हा प्रश्न आज केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

आपण सगळ्यांनी शाळेत 'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध लिहिला आहे. वक्तृत्व स्पर्धेतही तोच विषय असायचा. निम्मी मुलं शाप म्हणायची, निम्मी वरदान, आणि हुशार मुलं शेवटी 'ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे' असं लिहून दोन गुण जास्त मिळवायची. आज मला वाटतं की उत्तरापेक्षा त्या प्रश्नाची मांडणीच तपासायला हवी. शाप असो वा वरदान, दोन्हीकडे करणारं यंत्रच आहे आणि माणसावर ते फक्त घडतं. आधी यंत्र येतं, मग समाज बदलतो, आणि आपल्या हातात फार तर जुळवून घेणं उरतं, या समजुतीला अभ्यासक तंत्रज्ञान-नियतिवाद म्हणतात.

याच्या उलट बाजूने काही समाजशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मांडणी केली. ट्रेव्हर पिंच आणि वीबे बायकर या दोघांनी १९८४ मध्ये सायकलीचं उदाहरण घेतलं. पुढचं चाक भलंमोठं आणि मागचं इवलंसं अशी एक जुनी सायकल तुम्ही चित्रात पाहिली असेल. धाडसी तरुणांच्या दृष्टीने ती मर्दानी सायकल होती. स्त्रियांच्या आणि वयस्क माणसांच्या दृष्टीने ती पडायचं यंत्र होती. सायकल एकच, पण कोण बघतो त्यानुसार तिचा दोष वेगळा आणि म्हणून तिच्यातली सुधारणाही वेगळी. शेवटी दोन सारख्या चाकांची सायकल रूढ झाली. ती आपोआप उत्क्रांत झाली नाही. कोणाची अडचण 'अडचण' म्हणून धरली गेली, त्यातून ती घडत गेली. तंत्रज्ञानाला समाज घडवतो, असं हे म्हणणं.

माझ्या कामात मला हे रोज दिसतं. एखाद्या कार्यालयाच्या खिडकीशी आपण उभे असतो आणि आतून उत्तर येतं, 'सिस्टीम घेत नाही.' मी अशा सिस्टीम लिहिते, म्हणून सांगते, सिस्टीम स्वतःहून काहीच नाकारत नाही. अर्जातला तो रकाना सक्तीचा ठेवायचा, असं एका बैठकीत कोणीतरी ठरवलेलं असतं. पुढे ते ठरवणारा माणूस विसरला जातो आणि निर्णय मात्र यंत्राच्या नावावर जमा होतो.

आता आपल्या पाण्याकडे येते. आपल्याकडे गेल्या चाळीस वर्षांची पाण्याची गोष्ट दोन वाक्यांत सांगितली जाते. पहिलं वाक्य असं, की बोअर आले आणि पाणी खाली गेलं. दुसरं, की पोकलेन आले आणि पाणी वर आलं. दोन्ही वाक्यांत कर्ता यंत्र आहे. ती दोन्ही वाक्यं मला अपुरी वाटतात.

त्याआधी बोअरच्याही मागे जाऊ. आपल्याच जिल्ह्यात पांझरेवर शेकडो वर्षं फड पद्धत चालली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात त्या हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा. कोणता फड भिजवायचा ते शेतकरी मिळून ठरवत. पाटाचं पाणी सोडायला पाटकरी असे, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. पाणी कोणीही आपल्या मनाने वळवून घ्यायचं नाही, ते पाटकऱ्यानेच द्यायचं. आणि एका फडात बहुतेकांची थोडीथोडी जमीन असल्यामुळे एखादा फड कोरडा ठेवला तर तोटा एकट्यादुकट्याच्या गळ्यात पडत नसे.

इथे तंत्र कोणतं आणि समाज कोणता, हे वेगळं काढून दाखवता येत नाही. फडात एकच पीक असल्यामुळे पाण्याची पाळी सगळ्यांना एकदमच लागते, म्हणून एक पाटकरी पुरतो. म्हणजे वाटपाचा नियम शेताच्या आखणीतच उतरलेला आहे. तो सुवर्णकाळ होता असं मी म्हणत नाही. पाटाखाली ज्याची जमीन नाही त्याला या व्यवस्थेत पाणी नव्हतंच. पण नियमाशिवाय ते तंत्र चालूच शकत नव्हतं, एवढं लक्षात ठेवू.

विहिरीवरचं इंजिन आणि नंतर विजेची मोटर यांनी नेमकी हीच गोष्ट बदलली. आता पाणी घ्यायला शेजाऱ्याची संमती लागेना. बटण दाबलं की काम झालं. नियतिवादी म्हणेल, 'बघा, यंत्राने समाज मोडला.' त्यात तथ्य आहेच. पंप हे एकट्याने वापरता येणारं यंत्र आहे आणि पाट तसा नाही. पण पंप एकटा आला नाही. त्याच्याबरोबर तीन गोष्टी आल्या, आणि त्या तिन्ही माणसांनी ठरवलेल्या होत्या.

पहिली गोष्ट कायद्याची. ज्याची जमीन, त्याच्या खालचं पाणी त्याचं, हा विचार आपल्याकडे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आला. जमिनीखालचं पाणी बांध ओळखत नाही. माझ्या बोअरमध्ये येणारं पाणी शेजाऱ्याच्या शेताखालूनच येतं. पण कायद्याने ते माझं.

दुसरी गोष्ट विजेच्या बिलाची. शेतीपंपाला मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर बिल लावायची पद्धत आली. यात काय घडतं ते मी आकड्यांनी दाखवते. समजा पाच एचपीची मोटर आहे आणि तिच्या शक्तीपैकी चाळीस टक्के प्रत्यक्ष पाणी उचलायला लागते. पाणी ५० फुटांवर असेल तर ती तासाला साधारण ३६ हजार लिटर उचलेल. पाणी २०० फुटांवर गेलं, तर तेवढीच शक्ती तासाला साधारण ९ हजार लिटर उचलेल. खोली चौपट, म्हणून पाणी पाव. आता मीटर असता तर प्रत्येक लिटरमागे वीज चौपट लागली असती, आणि पाणी खाली चाललंय याची खबर शेतकऱ्याला दर बिलात मिळाली असती. एचपीवरच्या बिलात ती खबर पोचतच नाही. पाणी ५० फुटांवर असो की २०० फुटांवर, मोटर दोन तास चालो की दहा तास, बिल तेवढंच. पंप तोच, पण बिलाच्या पद्धतीने त्याचं वागणं बदललं.

म्हणून मीटर बसवले की सुटलं, असंही नाही. मीटर वाचायला माणूस लागतो, वीज वेळेवर लागते, आणि कोरडवाहू भागातल्या लहान शेतकऱ्याचा खर्च वाढतो. एचपीचं बिल कोणी दुष्टपणे आणलं नव्हतं. लाखो मीटर वाचण्यापेक्षा ते सोपं होतं. मला एवढंच दाखवायचं आहे की तो एक निर्णय होता, आणि त्याचं फळ आपण पंपाच्या नावावर टाकलं.

तिसरी गोष्ट सगळ्यांच्या घरातली आहे, ऑटो स्विच. शेतीला लाईट आठवड्याच्या पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोन वाजता शेतात जायचं म्हणजे साप-विंचवाची भीती, थंडी, आणि जागरण. म्हणून लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारा स्विच घरोघरी लागला. हा स्विच म्हणजे भारनियमनाचं अपत्य आहे. वीज हवी तेव्हा मिळत असती तर त्याची गरजच पडली नसती. आणि आता तो असा चालतो की पिकाला पाणी हवं की नको याचा विचार न करता, लाईट आहे तोवर उपसा सुरू. शेतकऱ्याला हे कळत नाही असं नाही. पण त्याचा हिशेब सरळ आहे : मी पाणी ठेवलं तर ते माझ्यासाठी राहणार नाही, शेजारचा स्विच ते उपसेल.

या तिन्ही गोष्टी एकत्र धरा आणि मग 'बोअर आले आणि पाणी खाली गेलं' हे वाक्य पुन्हा म्हणून बघा. बोअर हे कारण आहे, पण तिन्हींच्या सोबतीने. हेच यंत्र दुसऱ्या नियमाखाली वेगळं वागतं, याचा दाखला आपल्या राज्यातच आहे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत सुरू केली. तिथेही पंपच होते. पण पाणी जमिनीच्या हिशेबाने न देता घरातल्या माणसांच्या हिशेबाने, माणशी अर्धा एकर, असं ठरलं. भूमिहीनांचाही वाटा धरला आणि ऊस वर्ज्य केला. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचंच नाही असं ठरवलं, आणि दरवर्षी पाऊस मोजून, विहिरी मोजून, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला. त्यात पिण्याचं पाणी आधी, आणि उरलेल्यावरून पिकं.

आता दुसरं वाक्य : पोकलेन आले आणि पाणी वर आलं. हे आपल्या अभिमानाचं वाक्य आहे, म्हणून ते जास्त जपून तपासायला हवं.

२००४ च्या सुमारास आपल्या तालुक्यात ज्याला पुढे 'शिरपूर पॅटर्न' नाव पडलं ते काम सुरू झालं. भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांचा अभ्यास, अमरीशभाई पटेल यांचा पुढाकार आणि इथल्या सहकारी संस्थांचं पाठबळ, अशी त्याची मांडणी होती. नाले रुंद आणि खोल करायचे, त्यावर दारं नसलेले सिमेंटचे बंधारे बांधायचे, आणि कोरड्या पडलेल्या विहिरींत पुराचं किंवा कालव्याचं जादा पाणी गाळून सोडायचं. ज्या गावांत हे झालं तिथल्या विहिरींना पाणी आलं, हे तुमच्यातल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी ते नाकारत नाही. माझा प्रश्न एवढाच, की ते कशामुळे झालं?

उत्तराचा मोठा भाग पायाखाली आहे. आपला तालुका उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला तापी यांच्या मधला. तापीच्या बाजूला गाळाची जमीन फार खोलवर आहे. त्यात चिकणमातीचा थर, मग वाळू-गोट्यांचा थर, पुन्हा चिकणमाती, असं एकावर एक रचलेलं आहे. पाणी साठतं आणि वाहतं ते वाळूच्या थरात. पण वरची चिकणमाती पावसाला खाली जाऊ देत नाही. उपशाने वाळूचे थर रिकामे झाले, आणि वरून भरायची वाट मातीने बंद. अशा ठिकाणी नाला चिकणमाती फोडून वाळूपर्यंत नेला, तर आपण एका रिकाम्या टाकीचं झाकण काढतो. पोकलेनचं खरं काम हे होतं, आणि कुठे किती खोल जायचं हे सांगायला भूशास्त्र जाणणारा माणूस हजर होता.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग असा नाही. तिथे वर थोडी माती, खाली काही फूट मुरूम, आणि मग काळा पाषाण. तिथे पाणी साठतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. तिथे नाला खोल खणला म्हणजे आपण झाकण काढत नाही, टाकीच खणून बाहेर टाकतो. शिवाय नाल्याचा तळ आजूबाजूच्या विहिरींच्या पाण्यापेक्षा खाली गेला, तर विहिरींतलं पाणी उलट नाल्यात झिरपू लागतं. जे भरायला खणलं तेच उपसू लागतं.

पण गावोगावी गेला तो 'पॅटर्न', खडक काही सोबत गेला नाही. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं, आणि नाला खोलीकरण हे त्यातलं सगळ्यात डोळ्यांत भरणारं काम झालं. खडक न बघता सरसकट खणू नका, असं भूजलाच्या जाणकारांनी वारंवार सांगितलं. तरी अनेक ठिकाणी खोली किती आणि घनमीटर किती यावरच काम मोजलं गेलं. खोदाई मोजायला सोपी असते, बिल तिच्यावर निघतं, आणि यंत्र तासाच्या भाड्याने मिळतं. मुरलेलं पाणी मोजायला मात्र वर्षभर विहिरींवर दोरी सोडावी लागते. इथेही पोकलेनने काही ठरवलं नाही. काम कशाने मोजायचं हे आपण ठरवलं.

फसलेलं काम कसं ओळखायचं, हेही सांगते, कारण ते थोडं उलटं आहे. वर्तमानपत्रात फोटो येतो तो काठोकाठ भरलेल्या नाल्याचा. पण नाला मुरवण्यासाठी खणला असेल आणि आजूबाजूच्या विहिरी खालीच असताना त्यात जानेवारीपर्यंत पाणी तुडुंब दिसत असेल, तर ते पाणी मुरत नाही, नुसतं उन्हाने उडतंय. चांगला नाला पावसानंतर रिकामा होत जातो आणि त्याच वेळी विहिरींची पातळी चढते. पहिल्या दोन-तीन पुरांनंतर तळाशी बारीक गाळाचा लेप बसतो, तेव्हा मुरणं मंदावतं. म्हणजे दरवर्षी उन्हाळ्यात गाळ काढणं हा कामाचाच भाग आहे. तो कोण काढणार हे आधी ठरलेलं नसेल तर काही वर्षांत तो मुरवणीचा नाला राहत नाही, तळं होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा हिशेब. समजा आपण वर्गणीतून ५०० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ६ मीटर खोल नाला केला. त्यात एका वेळी ६० हजार घनमीटर, म्हणजे ६ कोटी लिटर पाणी मावेल. आकडा ऐकून छान वाटतं. आता केळी घ्या. केळीला वर्षाला साधारण दीड मीटर उंचीचं पाणी लागतं. त्यातला एक तृतीयांश पावसाने दिला असं धरलं तरी एका एकराला विहिरीतून सुमारे ४० लाख लिटर लागणार. म्हणजे एका भरण्यात १५ एकर केळी. पावसाळ्यात नाला तीनदा भरून तीनदा मुरला, तर ४५ एकर. तेही एक थेंब न उडता सगळं पाणी आपल्याच विहिरींना मिळालं असं धरून.

नाल्याच्या दोन्ही काठांवर मिळून तीस शेतकरी असतील आणि पाणी आलं म्हणून प्रत्येकाने दीड एकर केळी वाढवली, की हिशेब पुरा. पुढच्या कमी पावसाच्या वर्षी पुन्हा नवा बोअर, पुन्हा शेजारी शेजाऱ्याला विचारणार, 'पानी लागनं का?' ठिबकने पाण्याची बचत होते, हे खरं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर भिजवले, तर जमिनीखालून उपसा तेवढाच राहतो. मी केळी लावणाऱ्याला दोष देत नाही. कर्ज आहे, बाजार आहे, आणि नगदी पीक सोडून तो काय करणार? पण पाणी भरण्याच्या तंत्राला उपशाचा नियम जोडला नाही, तर ते तंत्र पुढच्या उपशासाठीच पाणी भरत राहतं.

शिवाय हा नाला कोणाचा? काठावरच्या विहिरींना पहिला लाभ. ज्याची विहीर लांब आहे त्याला उशिरा आणि कमी. ज्याला जमीनच नाही त्याला मजुरीतून मिळेल तेवढा. आणि खालच्या गावाला आपण अडवलेलं पाणी मिळणार नाही. यातली एकही गोष्ट पोकलेनच्या सोंडेवर लिहिलेली नाही. जागा निवडताना ती ठरते.

इथवर मी समाजाच्या बाजूने बोलले. पण 'सगळं समाजच ठरवतो' हे म्हणणंही मला मान्य नाही, आणि शिरपूरचा माणूस ते मान्य करणारही नाही. खडकाला ग्रामसभेचा ठराव कळत नाही. तुम्ही एकमताने ठरवलंत तरी पाषाणात पाणी मुरणार नाही, आणि २०० फुटांवरून पाणी उचलायला चौपट वीज लागणारच. समाज तंत्रज्ञान घडवतो, पण खडक, उतार आणि अंतर यांच्या मर्यादेत.

आणखी एक मर्यादा आहे, ती काळाची. तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे अमेरिकन अभ्यासक थॉमस ह्यूज यांनी वीजजाळ्यांचा अभ्यास करून सांगितलं की कोणतीही मोठी यंत्रणा लहान असते तेव्हा समाज तिला वळवू शकतो. ती वाढली, तिच्यात लोकांचा पैसा, सवयी आणि नोकऱ्या गुंतल्या, की तिला गती येते, आणि मग तीच समाजाला वळवू लागते. आपला बोअर आज त्या अवस्थेत आहे. त्याच्यावर पीककर्ज उभं आहे, केळीची बाग उभी आहे, विजेची लाईन त्याच्यासाठी ओढलेली आहे. महाराष्ट्राने २००९ चा भूजल कायदा केला, त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. तरी आज खोल बोअर घेणाऱ्या माणसाला तो कायदा आठवतो का, हे तुम्हीच सांगा. चाळीस वर्षांपूर्वी जे एका बैठकीत ठरलं असतं, ते आज कायद्यानेही अवघड झालं आहे. म्हणून नियतिवाद्याचं म्हणणं जुन्या, मुरलेल्या तंत्राबद्दल बरंचसं खरं वाटतं, आणि दुसऱ्या बाजूचं म्हणणं नव्या तंत्राबद्दल. दोघं एकाच गोष्टीच्या वेगवेगळ्या वयाबद्दल बोलतात.

आपला नाला अजून खणलेला नाही. म्हणजे तो अजून वळवता येण्याच्या वयाचा आहे. म्हणून माझी सूचना अशी आहे की वर्गणीचा पहिला हप्ता पोकलेनला देऊ नये.

पहिलं वर्ष मोजण्यात घालवू. त्या शिवारातल्या वीसेक विहिरी निवडून दर महिन्याला, निदान पावसाआधी आणि पावसानंतर, पाण्याची खोली मोजू. दोरी, वजन आणि वही एवढंच साहित्य लागतं, आणि आपल्या शाळेतली नववीची मुलं हे काम उत्तम करतील. मोजायच्या आदल्या रात्री मोटर बंद असावी, एवढीच अट, नाहीतर आकडा खोटा येतो. त्याच काळात भूशास्त्र जाणणाऱ्या माणसाकडून दोन-तीन ठिकाणी खालचे थर बघून घेऊ. वाळू नसेल, पाषाण असेल, तर खोदाई रद्द, पैसे परत.

मग गावाशी लेखी बोलू. नाल्याच्या दोन्ही बाजूंनी ठरावीक अंतरात नवा बोअर नाही, बारमाही पिकाचं क्षेत्र दरवर्षी विहिरींची पातळी पाहून ग्रामसभेत ठरेल, आणि गाळ काढायचा खर्च लाभधारक देतील. असा ठराव बंधनकारक होईल का, मोडणाऱ्याला कोण काय करणार, हे प्रश्न उरतातच. गावातली बलदंड माणसं ठराव आधी मोडतात, हेही मला माहीत आहे. पण विहिरींचे आकडे शाळेच्या फळ्यावर दर महिन्याला लिहिले गेले, तर निदान पाणी कोणामुळे खाली गेलं यावर वाद घालताना कोणाला बोअरचं नाव पुढे करता येणार नाही.

एवढं जमलं तर पोकलेनचा पहिला तास माझ्या खर्चाने. हे जमणार नसेल, तर ती वर्गणी वाचनालयाला द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्यातले जे शेती करतात त्यांनी माझे केळीचे आणि मोटरचे आकडे तपासावेत, चुकत असतील तर आजच जेवणाच्या पंगतीत सांगावं.